हिपॅटायटिस सी बरा झाला, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह का?

हिपॅटायटिस सीच्या गोळ्या पूर्ण केलेले रुग्ण कधी कधी घाबरून रिपोर्ट पुढे करतात, "डॉक्टर, मी बरा झालोच नाही!" शिरड शहापूरच्या एका ताईंचंही असंच झालं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.

ताईंना 1996 मध्ये बाळंतपणात रक्त चढवलं होतं. भारतातल्या रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची झाली, ती 2001-02 च्या सुमारास. पुढची पंचवीस वर्षं त्यांना काहीही त्रास नव्हता. हा आजार यकृताला असाच गुपचूप पोखरतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली.

अँटीबॉडी म्हणजे विषाणू शरीरात येऊन गेल्याची खूण. तो आज आहे का, हे व्हायरल लोड म्हणजे आरएनए तपासणीत कळतं. ताईंच्या रक्तात तो सापडला. हिपॅटायटिस बी नाही आणि सिरोसिस नाही, याची खात्री करून सोफोसबुवीर 400 मिलिग्रॅम आणि डाक्लाटासवीर 60 मिलिग्रॅम, रोज एकेक गोळी, 12 आठवडे दिली. बीची तपासणी आधी करायची, कारण या उपचारात दबलेला बी उसळू शकतो.

गोळ्या संपल्या म्हणजे बरे झालो, असं लगेच म्हणता येत नाही. थोडे विषाणू उरले असतील तर ते पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा वाढतात. म्हणून शेवटच्या गोळीनंतर 12 आठवडे थांबून आरएनए तपासतात. तेव्हा तो सापडला नाही, तर आजार बरा झाला असं मानतात. शंभरातले पंचाण्णवच्या आसपास रुग्ण असे बरे होतात. हिपॅटायटिस बीसारखा हा विषाणू पेशीच्या केंद्रकात दडून बसत नाही, म्हणून तो मुळासकट जातो.

ताईंनी मात्र बाहेर पुन्हा अँटीबॉडीच तपासून घेतली होती. ही खूण बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं राहते. त्यांचा आरएनए निगेटिव्ह होता. त्या बऱ्याच झाल्या होत्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही अँटीबॉडी संरक्षण देत नाही, दूषित सुईतून लागण पुन्हा होऊ शकते. आणि आधीच सिरोसिस झालेला असेल, तर विषाणू गेल्यावरही कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते.

तपासणी कोणी करावी? 2002 पूर्वी रक्त घेतलेल्यांनी, डायलिसिसवरच्या रुग्णांनी, एकच सुई अनेकांना वापरून दिलेली इंजेक्शनं किंवा गोंदण घेतलेल्यांनी, नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी, एचआयव्हीबाधितांनी आणि बाधित आईच्या मुलांनी. एसजीपीटी विनाकारण वाढलेलं असेल तरीही करावी.

2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि उपचारानंतर कागदावर 'आरएनए' हा शब्द आहे ना, तेवढं आधी बघा.