‘दुसऱ्या पत्रात’ की ‘दुसऱ्या सत्रात’?

गोष्ट जून २०२४ मधली आहे. १३ तारखेला, गुरुवारी संध्याकाळी, अंबरनाथहून बदलापूरला येणाऱ्या लोकलमध्ये मी दाराजवळ कशीबशी उभी होते आणि पर्समधला फोन सारखा वाजत होता. घरी आल्यावर पाहिलं, तर उल्हासनगरच्या एका पालकांचा मेसेज. कॅम्प चारला त्यांचं छोटं दुकान आहे. घरी सिंधी बोलतात, मराठी वाचता येतं, पण सावकाश. त्यांनी एक स्क्रीनशॉट पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, ही कोणती भाषा आहे?’

स्क्रीनशॉटमध्ये हे होतं:

```
mYgkluxj] vacjukFk o cnykiwj ;sFkhy fo|kF;kZauh
ewG dkxni=s ?ksÅu 'kqØokj] fnukad ƒ† twu „å„†
jksth nql&;k l=kr mifLFkr jkgkos-
```

भाषा मराठीच होती. कुठल्याशा कार्यालयाने कागदपत्रांच्या पडताळणीची सूचना वर्डमध्ये टाइप केली होती. त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट होता, म्हणून तिथे ती नीट दिसली. कुणीतरी ती फाइल मोबाइलवर उघडली, तिथे फॉन्ट नव्हता, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. मग त्याचा फोटो काढून ग्रुपवर फिरवला.

याच सूचनेचा ‘मराठी अनुवाद’ही ग्रुपवर आला होता, कुणीतरी उत्साहाने करून टाकलेला. त्यात होतं, ‘दिनांक १५ जून रोजी दुस-या पत्रात उपस्थित राहावे’. लोकांनी त्याचा अर्थ लावला, की दुसरं पत्र येणार आहे, त्यात काय ते कळेल, आत्ता जायची घाई नको. आणि १५ जूनच्या आसपास शाळा उघडतात, त्यामुळे ती तारीखही सगळ्यांना पटली. या वडिलांच्या मुलीचं नाव त्या पडताळणीत होतं. ते विचारत होते, ‘थांबू का?’

मी जेवण बाजूला ठेवून वही घेतली.

पहिला प्रश्न असतो, फॉन्ट कोणता? मजकूर वाचता येत नसला तरी हे ओळखता येतं. मराठीत काना भयंकर वापरला जातो. त्यामुळे जे चिन्ह पानभर सगळ्यात जास्त वेळा दिसतं, ते बहुतेक काना असतं. इथे `k` जिकडेतिकडे आहे, म्हणजे कृतीदेव. त्यात ‘आहे’ हा शब्द `vkgs` असा दिसतो. श्रीलिपीत काना म्हणजे `m`, म्हणून तिथे ‘आहे’चं `Amho` होतं. आणि पानभर `É` दिसलं, तर ते डीव्हीबी घराण्यातलं. फॉन्ट चुकीचा ओळखला, तर पुढचं सगळं वाया जातं. कन्व्हर्टर तक्रार करत नाही, तो निमूटपणे दुसराच कचरा काढून देतो.

हे असं का होतं, तेही दोन वाक्यांत सांगते, कारण पालकसभेत नेहमी विचारतात. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, U+0915, आणि तो कुठल्याही फोनवर ‘क’च राहतो. कृतीदेवमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी `d`, फॉन्ट फक्त त्याच्यावर ‘क’चा मुखवटा चढवतो.

आता स्क्रीनशॉट. खरी मेख इथे आहे, कारण फाइल असती तर मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकला असता. फोटोतून तो पुन्हा हाताने टाइप करावा लागतो. मी सुरुवातीला अशी कामं फोनवरच करायचे आणि फोन माझ्यापेक्षा हुशार असल्यासारखा वागायचा. ओळीचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करायचा. कृतीदेवमध्ये `m` म्हणजे ‘उ’ आणि `M` म्हणजे ‘ड’, त्यामुळे उल्हासनगरचं ‘डल्हासनगर’ झालं होतं! `Y` म्हणजे अर्धा ‘ल्’ आणि `y` म्हणजे पूर्ण ‘ल’. तिथे चुकलं की ‘उलहासनगर’. आणि ‘श’ लिहायला `'k` लागतं, पण फोन तो सरळ टिंबासारखा अवतरण चिन्ह वाकवून ठेवतो. वाकडं झालं की ‘श’ तयारच होत नाही, नुसता काना लोंबकळत राहतो.

म्हणून आता मी संगणकावर बसते. वर्डमध्ये कृतीदेव फॉन्ट निवडते आणि फोटोत दिसतात तीच इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी टाइप करते. टाइप करताकरता समोर देवनागरी उमटत जाते. यात मोठी सोय आहे: चुकलं की तिथल्या तिथे दिसतं. शेवटी तोच मजकूर उचलून कन्व्हर्टरला द्यायचा.

त्या दिवशी पहिली ओळ सहज झाली, फक्त `fo|kF;kZauh` सोडून. तिथे `f` आणि `o` मिळून ‘वि’, मग एक उभी रेघ. ही रेघ काय आहे? कृतीदेवमध्ये उभी रेघ `|` म्हणजे ‘द्य’, छोटा एल `l` म्हणजे ‘स’ आणि मोठा आय `I` म्हणजे अर्धा ‘प्’. फोनच्या फॉन्टमध्ये तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. ‘विद्यार्थी’च्या जागी एकदा मला ‘विसार्थी’ मिळाला होता तो असाच. इथे मात्र अर्थावरून ओळखता येतं, कारण ‘विसार्थी’ नावाचा प्राणी मराठीत नाही.

‘पत्र’ आणि ‘सत्र’ यांचं तसं नाही. दोन्ही शब्द खरे आहेत, दोन्ही सूचनांमध्ये नेहमी येतात. `i=` म्हणजे पत्र, `l=` म्हणजे सत्र. फरक काय, तर छोट्या आयच्या डोक्यावरचा ठिपका आणि एलची जराशी जास्त उंची. दहा वेळा फॉरवर्ड झालेल्या फोटोत ठिपका कुठे आणि धूळ कुठे, काही सांगता येत नाही. मी काय केलं, तर त्याच फोटोत जिथे शंका नाही असा `i` शोधला. `dkxni=s`, म्हणजे कागदपत्रे, त्यात `i=` अगदी बरोबर त्याच जोडीने आहे. फोटो मोठा करून दोन्ही शेजारी धरले. कागदपत्रेमधल्या आयला मान होती, वर मोकळी जागा होती. दुसरीकडे रेघ सलग होती आणि `k` इतकी उंच. तो एल होता. सत्र. शिवाय ‘पत्रात उपस्थित राहावे’ याला अर्थ तरी काय? पण घाईत वाचणारा माणूस अर्थ लावून घेतोच.

मग तारीख. टाइप करणाऱ्याने आकडे देवनागरीत काढले होते. कृतीदेवमध्ये साध्या आकड्याची कळ दाबली तर इंग्रजी आकडा येतो, देवनागरी आकड्यासाठी ऑल्ट दाबून चार अंकी क्रमांक द्यावा लागतो. १ साठी 0131, २ साठी 0132, असं करत ९ साठी 0139. शून्याचा मात्र वेगळा, 0229. फॉन्ट नसला की त्या जागी चमत्कारिक चिन्हं दिसतात. ४ च्या जागी `†` आणि ५ च्या जागी `‡`. एका आडव्या रेघेचा फरक! एक आडवी रेघ म्हणजे शुक्रवार, दोन म्हणजे शनिवार.

फोटोत ती जागा पुसट होती. डोळे बारीक करून काही उपयोग नव्हता. पण त्याच ओळीत वर्ष होतं, `„å„†`. वर्ष २०२४ आहे हे तर नक्की, म्हणजे वर्षातलं शेवटचं चिन्ह ४ चंच असणार. ते चिन्ह आणि तारखेतलं दुसरं चिन्ह मी एकाखाली एक धरलं. सारखीच उंची, सारखीच एक आडवी रेघ. म्हणजे १४.

तरी मला धीर होईना. दुसऱ्याच्या मुलीचं काम होतं. मग वार पाहिला. `'kqØokj` स्पष्ट वाचता येत होतं, त्यातला `Ø` म्हणजे ‘क्र’, म्हणजे शुक्रवार. भिंतीवरच्या कालनिर्णयात १४ जूनला शुक्रवार होता. ज्यांनी तो ‘अनुवाद’ केला होता, त्यांनी वार गाळलाच होता, बहुधा ते `Ø` पाहून.

आता मजकूर कन्व्हर्टरला दिला. मी आधी वापरत असे त्या एका कन्व्हर्टरने ‘उपिस्थत’ आणि ‘विद्याथ्यार्ंनी’ असं काढून दिलं. हे दोन शब्द मी कन्व्हर्टरची परीक्षा घ्यायलाच ठेवले आहेत. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते. ‘उपस्थित’मध्ये तिला अर्धा ‘स्’ आणि ‘थ’ दोन्ही ओलांडून मागे जायचं असतं. रफाराचं उलट: तो कृतीदेवमध्ये शेवटी येतो आणि युनिकोडमध्ये त्याला काना, ‘य’ आणि ‘थ्’ यांच्याही आधी जाऊन बसायचं असतं. जो कन्व्हर्टर नुसती एका चिन्हाची जागा दुसऱ्याला देतो, त्याला ही उडी जमत नाही. दुसऱ्या कन्व्हर्टरने हे दोन्ही नीट केलं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कन्व्हर्टरने केली नाही. `nql&;k` चं ‘दुस-या’ झालं. हा दोष कन्व्हर्टरचा नाही. कृतीदेव मुळात हिंदीच्या सोयीचा, त्यात आपला ‘ऱ्य’ सहज मिळत नाही, म्हणून टाइप करणारे मध्ये छोटी रेघ देऊन वेळ मारून नेतात. कागदावर ते खपतं. युनिकोडमध्ये ती रेघच राहते, शब्दाचे दोन तुकडे होतात आणि शोधायला गेलं तर ‘दुसऱ्या’ सापडत नाही. मी ‘-या’ शोधून एकेक हाताने ‘ऱ्या’ करते. सगळे एकदम बदलू नका, एखादी खरी जोडरेघही त्यात सापडते.

शेवटी हातात आलं ते असं: उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील विद्यार्थ्यांनी मूळ कागदपत्रे घेऊन शुक्रवार, दिनांक १४ जून २०२४ रोजी दुसऱ्या सत्रात उपस्थित राहावे.

सूचनेखाली नावांची यादीही होती. ती मी केली नाही. वार पाहून तारीख ताडता येते, पण कुणाचं आडनाव ‘काळे’ की ‘काले’ हे कशावरून ताडणार? `G` आणि `y` यांत गोंधळ होत नाही हे खरं, पण फोटोचा तो भाग इतका फुटला होता, की मी लिहिलं असतं ते अंदाजाने लिहिलं असतं. यादीसाठी मूळ फाइल मागवा, असं ग्रुपवर कळवलं. फाइल आली, की मजकूर निवडून वर फॉन्टचं नाव वाचायचं, बस्स, अर्धं काम झालं.

वडिलांना फोन केला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. ‘शुक्रवार म्हणजे उद्याच, मॅडम?’ म्हटलं, हो, उद्याच, दुपारी जा, पण सकाळी आधी कार्यालयात फोन करून वेळ विचारून घ्या, दुसरं सत्र त्यांच्याकडे किती वाजता सुरू होतं ते सूचनेत नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांचा मेसेज आला. मुलीची कागदपत्रं तपासून झाली होती. आणि खाली आणखी एक स्क्रीनशॉट होता, त्यांच्या शेजाऱ्यांचा, पानभर `É` असलेला.