आमची छोटी सहायक राज्यकर आयुक्त झाली!



एरवी या भिंतीवर पलूसचं पाणी, द्राक्षाचा दर आणि खड्डे एवढंच असतं. आज घरचं लिहितोय, सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण राज्यसेवा 2024 मधून सहायक राज्यकर आयुक्त, गट अ या पदासाठी निवडली गेली. यादी आल्यापासून फोन थांबेना. कुणी म्हणतंय कलेक्टर झाली, कुणी म्हणतंय तहसीलदार. तसं नाही. हे पद जीएसटी खात्यातलं. फ्लेक्स लावणाऱ्या पोरांना हात जोडून विनंती, पद बरोबर टाका. तिनं कमावलंय तेवढं पुरेसं आहे, वाढवायची गरज नाही.

ती नेमकी कशी पास झाली, हे सांगतो. कारण गावातली बरीच पोरं-पोरी अजून अभ्यासिकेत बसलेली आहेत.

पहिल्यांदा ती पूर्वपरीक्षेतच गेली. सामान्य अध्ययनाचे 100 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, चुकलं की अर्धा गुण वजा. तिनं 96 सोडवले. 58 बरोबर, 38 चूक. 116 मधून 19 गेले, हातात 97. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पेपर पुढ्यात घेऊन बसली आणि त्या 38 चुकांच्या दोन वाट्या केल्या. एका वाटीत, दोन पर्याय खात्रीनं कापता आले होते असे प्रश्न. दुसरीत, काहीच माहीत नसताना 'वाटलं' म्हणून गोल केलेले. दुसरी वाटीच मोठी निघाली. पुढच्या सरावात नियम एकच, दोन पर्याय कापले तरच हात लावायचा. पुढच्या वेळी 84 सोडवले, 60 बरोबर, 24 चूक. 120 वजा 12, म्हणजे 108. बरोबर उत्तरं फक्त दोन वाढली आणि गुण वाढले अकरा. त्यातले सात निव्वळ चुका कमी केल्याचे.

दुसरा पेपर सीसॅटचा. 2022 पासून तो फक्त पात्रतेपुरता आहे, 200 पैकी 66 गुण लागतात. पण तिथं अडकलं की पहिल्या पेपरात कितीही मिळवा, तो कुणी मोजत नाही. उतारे आणि गणित ती रोज पहाटे घड्याळ लावून सोडवायची, आमच्या आईच्या चहाच्या आधी.

मग आलं ते 2024 साल. पूर्वपरीक्षा होती 28 एप्रिलला, ती गेली पुढं. मग 25 ऑगस्ट ठरली. त्याच दिवशी आयबीपीएसची परीक्षा आली, पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि तीन दिवस आधी हीही तारीख रद्द. शेवटी पेपर झाला 1 डिसेंबरला. बातमी म्हणून मी हे चार ओळींत लिहून मोकळा झालो असतो. घरात मात्र प्रत्येक तारखेला पुण्यातल्या खोलीचं भाडं, मेसचं बिल आणि पाहुण्यांचा "आता स्थळ बघायचं का?" हा प्रश्न पुढं सरकत होता. वडिलांनी बागेचे पैसे आले की आधी तिचे पाठवले, औषधाच्या दुकानाची उधारी मागं ठेवली.

त्यात ही वस्तुनिष्ठ मुख्य परीक्षेची शेवटची संधी. 2025 पासून वर्णनात्मक पद्धत. हुकलं असतं तर अभ्यास जवळजवळ पहिल्यापासून बांधावा लागला असता. 800 गुणांची मुख्य आणि 100 ची मुलाखत तिनं हे ओझं घेऊनच दिली.

शेवटचा टप्पा लोकांना माहीत नसतो. सर्वसाधारण गुणवत्ता यादीत नाव आलं म्हणजे पद मिळालं असं नाही. त्या यादीत जागांपेक्षा जास्त नावं असतात. मग पदांचा पसंतीक्रम भरायचा, त्यावरून तात्पुरती निवड यादी लागते. तिला त्यात पसंतीतलं खालचं, गट ब चं पद होतं. पेढे वाटू म्हटलं, तर म्हणाली, "दादा, थांब. ऑप्टिंग आउट व्हायचंय." आधीच चांगल्या पदावर असलेले काहीजण तिथं बाहेर पडतात, त्यांची जागा खालच्याला मिळते आणि साखळी वर सरकते. तशी ती सरकली.

म्हणून बाहेर पडणाऱ्या, नाव माहीत नसलेल्या त्या उमेदवारांनाही आमच्या घराकडून धन्यवाद. नको असलेली जागा अडवून न ठेवणं, यानं एका घराचं नशीब बदलतं.

छोटे, उद्या व्यापारी तुझ्यापुढं हिशोबाच्या वह्या घेऊन बसतील. त्यात आपल्यासारखे उधारीवर दुकान चालवणारेही असतील. चुकलेला आणि चोरी केलेला, या दोन वाट्या तिथंही वेगळ्या कर. ते तुला जमतं.

खूप खूप अभिनंदन, साहेब!
तुझा दादा