शोषखड्ड्याआधीची रात्र

हिंगोली जिल्ह्यातल्या भारी काळ्या रानात वैशाखात एक बादली पाणी ओता, भेगांतून ते बघता बघता नाहीसं होतं. एवढं बघून 'इथं शोषखड्डा मस्त चालेल' असं ठरवणारे पुष्कळ भेटतात. पण त्या वेळी पाणी मातीत मुरलेलंच नसतं, ते भेगांत जाऊन बसलेलं असतं. या मातीतली चिकण पाणी प्यायली की फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन पाणी धरून बसते. शोषखड्ड्यात सांडपाणी वर्षभर पडणार, म्हणजे खड्ड्याच्या भिंती कायम ओल्याच राहणार. म्हणून माझं म्हणणं असं की पाझर चाचणीत पहिल्या दिवशी पाणी किती वेगानं उतरलं याला काडीची किंमत नाही. खरी चाचणी रात्रभर माती भिजवल्यानंतर सुरू होते.

रीत साधी आहे, भारतीय मानक २४७० च्या दुसऱ्या भागात ती दिलेली आहे. शोषखड्डा जितका खोल जाणार, तितक्या खोलीवर दहा ते तीस सेंटिमीटर रुंदीचं छोटं भोक घ्यायचं. पहारीनं घासून बाजू गुळगुळीत झालेल्या असतात, त्या चाकूनं खरवडायच्या. चिकणमातीत हे टाळलं तर लिंपलेल्या भिंतीचाच पाझर मोजला जातो. सुटी माती काढून तळाशी पाच सेंटिमीटर जाड वाळू टाकायची, वर तीस सेंटिमीटर पाणी भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी पाणी शिल्लक असेल तर पातळी वाळूच्या वर पंधरा सेंटिमीटरवर आणून अर्ध्या तासात ती किती उतरते ते मोजायचं. पाणी उरलंच नसेल तर पुन्हा पंधरा सेंटिमीटर भरायचं, दर अर्ध्या तासानं मोजत, पुन्हा भरत चार तास जायचं आणि शेवटचा आकडा धरायचा. त्यावरून पंचवीस मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते काढतात. तीस मिनिटांच्या वर गेलं तर शोषखड्डा नको, साठच्या वर गेलं तर जमिनीत मुरवण्याचा नादच सोडायचा. उन्हाळ्यात भारी मातीला एक रात्र पुरेलच असं नाही. शेवटचे आकडे अजून घटत असतील तर माती फुगायची थांबलेली नाही, आणखी एक दिवस भिजवावं.

समजा, वसमतकडच्या एका परसात वर दोन फूट काळी आणि खाली मुरूम आहे. काळीत अर्ध्या तासात पाणी चार मिलिमीटर उतरलं, म्हणजे पंचवीसला तीन तासांहून जास्त. मुरमात तीस मिलिमीटर उतरलं, म्हणजे पंचवीस मिनिटं. मानकाचं सूत्र असं: २०४ ला त्या मिनिटांच्या वर्गमुळानं भागायचं. पंचवीसचं वर्गमूळ पाच, म्हणजे भिंतीच्या दर चौरस मीटरला रोज सुमारे ४१ लिटर. पाच माणसांच्या घरात माणशी ५५ लिटर पाणी आलं आणि त्यातलं ऐंशी टक्के सांडलं, तर रोजचे २२० लिटर होतात. त्यांना साडेपाच चौरस मीटरच्या आसपास भिंत लागते. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्याच्या चारी भिंती मिळून जवळपास सहा चौरस मीटर भरतात. पण वरचे दोन फूट काळीत गेले की कामाची भिंत तीनच चौरस मीटर उरते, आणि ती १२० लिटरच्या पुढे घेणार नाही. हा खड्डा दोन फूट खाली, सगळा मुरमात उतरवायला हवा, आणि घरातून येणारा पाइपही तेवढाच खाली सोडायला हवा.

'शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीनं घरोघर शोषखड्डे करून गटारं संपवली, त्यासाठी कुठं चाचणी लागते?' असं विचारलं जातं. टेंभुर्णीनं शोषखड्डा खेड्यात चालतो हे दाखवलं, ते मोलाचंच आहे. पण तिथून उचलायची ती रीत. माप उचललं तर आपल्या परसातली काळी किती खोल आहे हे ते माप सांगत नाही. दुसरी शंका जास्त वजनाची आहे: चाचणी स्वच्छ पाण्याची, खड्ड्यात मात्र साबण, तेल, खरकटं. हे खरंच आहे, आणि सूत्र बसवताना ते धरलेलं आहे. वरच्या मुरमात स्वच्छ पाणी चोवीस तास त्याच वेगानं मुरत राहिलं असतं तर चौरस मीटरला १४४० लिटर गेलं असतं. सूत्र त्यातले ४१ देतं, बाकीचं भिंतीवर साचणाऱ्या चिकट थरासाठी सोडून. म्हणून कुणी 'पाणी तर भराभर जातंय' म्हणत खड्डा लहान करायला सांगितलं तर ऐकू नये. उलट काही मिनिटांत रिकामं होणारं भोक दिसलं तर आजूबाजूला विहीर किती जवळ आहे ते आधी बघावं. फुटलेल्या खडकाच्या चिरेतून पाणी न गाळता थेट तिकडं जाऊ शकतं.

चाचणीला एक पहार, चाकू, थोडी वाळू, एक पट्टी, घड्याळ आणि दोन दिवस लागतात. भाद्रपदाच्या अखेरीला, जमीन आधीच भिजलेली असताना केली तर आकडा सर्वांत भरवशाचा. ग्रामपंचायतीनं शोषखड्ड्याच्या अंदाजपत्रकात लाभार्थ्याच्या नावापुढे ही मिनिटं आणि मुरूम लागण्याची खोली एवढं दोनच रकान्यांत लिहावं, आणि जिथं तीसच्या वर आकडा येईल तिथं खड्ड्याचे पैसे परसातल्या केळी-अळूकडे पाणी नेणाऱ्या चारीवर घालावेत.