साठचा आकडा, तिसाचा हात

‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ फेब्रुवारी २०२५मध्ये आला. त्याच्या शिफारस केलेल्या पीसीच्या यादीत एक ओळ होती, ती मला अजून खटकते. १०८०पीवर ६० फ्रेम मिळतील, पण फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे त्या साठातले निम्मे फ्रेम गेमने रंगवलेले नसून ग्राफिक्स कार्डाने मधल्या मध्ये बनवलेले.

माझ्या मावसभावाकडे आरटीएक्स ४०६० आहे, ८ जीबी मेमरीचं. इंटर्नशिपच्या पैशांतून हप्त्यांवर घेतलेलं. मागे त्याचा फोन आला, “दादा, स्क्रीनवर ६४ फ्रेम दिसतायत. मग हात जड का वाटतोय? कार्ड विकून मोठं घेऊ का?”

उत्तर द्यायचं तर आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. सेटिंग्जमध्ये त्या शेजारी शेजारी असतात, म्हणून एकच वाटतात.

पहिली अपस्केलिंग. डीएलएसएस ‘क्वालिटी’वर ठेवलं की १०८०पीचा गेम आतून १२८० बाय ७२०वर रंगवला जातो. म्हणजे जेमतेम ४४ टक्के पिक्सेल. उरलेला तपशील आधीच्या फ्रेममधून, कुठली वस्तू कुठे सरकली याचा हिशोब ठेवून भरला जातो. कार्डाचं काम खरोखर कमी होतं, फ्रेम खरोखर लवकर तयार होतात आणि बटणाला प्रतिसादही लवकर मिळतो. किंमत दिसण्यात मोजावी लागते: केसांच्या बटा, जाळीचं कुंपण, पळणाऱ्या प्राण्यामागे उरणारी पुसट सावली. ४केवर हे फारसं जाणवत नाही, कारण तिथे आतलं चित्रच मोठं असतं. १०८०पीवर कच्चा मालच थोडा असतो, म्हणून ‘परफॉर्मन्स’पर्यंत उतरलं की चित्र उघड मऊ पडतं.

दुसरी फ्रेम जनरेशन. इथे कार्ड दोन खरे फ्रेम घेतं आणि त्यांच्या मधला एक स्वतः बनवतं. पण मधला बनवायचा तर पुढचा हातात हवा. म्हणून तयार झालेला खरा फ्रेम थोडा थांबवून ठेवावा लागतो. खरे फ्रेम ३० असतील, तर दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद जातात आणि या थांबण्यात आणखी निदान १७ची भर पडते. खरे ६० असतील, तर ही भर ८च्या आसपास राहते. डोळ्याला हालचाल गुळगुळीत दिसते, पण राक्षसाने शेपूट फिरवल्यावर तुम्ही दाबलेली उडी पुढच्या खऱ्या फ्रेमचीच वाट बघते.

मी भावाला फ्रेम जनरेशन बंद करायला सांगितलं. आकडा ३८वर आला. चालू केल्यावर ६४, म्हणजे खरे फक्त ३२. नवे फ्रेम बनवायलाही कार्डाची ताकद लागते, त्यात सहा खरे फ्रेम खर्ची पडले होते. हात जड का, ते तिथेच कळलं.

तिसरी भानगड मेमरीची. कॅमेरा झटकन वळवला की गेम अडखळायचा, भिंतींवरचा पोत उशिरा उमटायचा. ही ८ जीबी भरल्याची खूण. आतलं चित्र लहान झालं तरी पोतांचा आकार कमी होत नाही, आणि फ्रेम जनरेशन स्वतःसाठी वेगळी जागा मागतं. सरासरी फ्रेमच्या आकड्यात हे अडखळणं दिसत नाही, खेळतानाच दिसतं.

मग आम्ही उलट्या क्रमाने गेलो. फ्रेम जनरेशन बंद. टेक्स्चर एक पायरी खाली, तेव्हा अडखळणं थांबलं. रे ट्रेसिंग बंद, सावल्या मध्यमवर, अपस्केलिंग ‘बॅलन्स्ड’वर. खरे फ्रेम ५५वर आले. त्यानंतर फ्रेम जनरेशन चालू केलं आणि त्याच्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर नव्वदीच्या पुढे गेलो. या वेळी हात हलका होता, कारण खरे फ्रेम पंचेचाळीसच्या वर राहिले होते. एएमडी तर स्वतःच्या फ्रेम जनरेशनसाठी आधी ६० खरे फ्रेम असावेत असं सुचवते.

तेव्हा मधलं कार्ड पुरेसं आहे का, हे फ्रेम जनरेशन बंद असतानाच्या आकड्यावरून ठरवा. अपस्केलिंगसह पन्नाशी गाठली आणि चित्र तुम्हाला चाललं, तर कार्ड त्या गेमला पुरतं, पुढचं सगळं वरकमाई. पण साठी गाठायलाच फ्रेम जनरेशन लागत असेल, तर त्या सेटिंग्जना कार्ड पुरत नाही, मग कोपऱ्यातला आकडा काहीही म्हणो.

भावाने कार्ड विकलं नाही. अजून चार हप्ते बाकी आहेत.