वॉर्फरिन चालू आहे? पालेभाजी सोडू नका, वार ठरवा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणारे माझे एक रुग्ण आहेत. हृदयात कृत्रिम धातूची झडप आहे, म्हणून वॉर्फरिन चालू आहे. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी पालेभाजी पूर्ण बंद केली. आयएनआर २.८ होता. हिवाळ्यात मेथी स्वस्त झाली, आठवडाभर रोज डब्यात मेथी आली, आणि आयएनआर १.६ वर उतरला. म्हणजे झडपेवर गुठळी होण्याचा धोका.

असं का झालं? यकृत 'के' जीवनसत्त्व वापरून रक्त गोठवणारे घटक बनवतं, आणि वॉर्फरिन नेमकं त्यालाच अडवतं. पालेभाजीत हे जीवनसत्त्व भरपूर असतं. आहारात ते जवळजवळ नसेल, तर अचानक खाल्लेल्या भाजीने आयएनआर जास्त हलतो.

मग आम्ही वार ठरवले: सोमवार, बुधवार, शनिवार, एकेक वाटी शिजवलेली पालेभाजी. सुरुवातीला दर आठवड्याला तपासणी करून गोळीचा डोस त्या भाजीला जुळवला.

तुमची भाजी बंद असेल, तर आपल्या मनाने सुरू करू नका. आधी डॉक्टरांना सांगा. आजारपणात आठवडाभर जेवण सुटलं तरी कळवा, कारण तेव्हा आयएनआर वर चढतो. हिरड्यांतून रक्त येणं किंवा शौचास काळं होणं ही त्याची खूण. वाट न पाहता दाखवा.