गुण आणि काठिण्य

दहावीच्या विज्ञानातील ‘गुरुत्वाकर्षण’ हा पाठ आज संगणकावर चढवून त्यावरचा प्रश्नसंच रचावयास बसलो, तेव्हा प्रश्नाचे गुण आणि त्याचे काठिण्य यांची आपण किती सहज गल्लत करतो, हे प्रकर्षाने जाणवले. उंचावरून सोडलेला दगड 5 सेकंदांत जमिनीवर पोहोचला तर ती उंची किती, हा प्रश्न 3 गुणांचा. सूत्राला एक, किमती घालण्यास एक आणि एककासह उत्तरास एक. g ची किंमत 10 धरता उत्तर 125 मीटर येते, आणि सूत्र मुखोद्गत असलेला विद्यार्थी ते बिनचूक काढतो, म्हणून त्याची नोंद ‘सोपे’ या सदरी केली. उलटपक्षी, पृथ्वीच्या त्रिज्येइतक्या उंचीवर g भूपृष्ठावरील g च्या कितवा भाग उरतो, हा प्रश्न अवघ्या 1 गुणाचा; परंतु अंतर केंद्रापासून मोजावयाचे असल्याने ते दुप्पट होते आणि वर्गाच्या व्यस्त प्रमाणामुळे g चतुर्थांश होतो, हे ध्यानी न आल्याने हुशार मुलेही ‘निम्मा’ लिहितात. त्याची जागा निःसंशय ‘कठीण’ या सदरात! सहकाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की तक्त्यात गुणांचा आणि काठिण्याचा रकाना स्वतंत्र ठेवावा.