कोटेशन दिलं, पुढे काय?

‘सर, काही अपडेट?’ हा मेसेज मंगळवारी जातो, शुक्रवारी पुन्हा जातो, आणि तिसऱ्या वेळी त्याच्या शेवटी हात जोडलेली दोन चिन्हं असतात. निळ्या टिका उमटतात, उत्तर येत नाही. वॉटरप्रूफिंगवाला समजतो, काम गेलं. मग तो चौथा मेसेज टाकतो: ‘रेट जास्त वाटत असेल तर सांगा, बघू करून.’ खरं नुकसान होतं ते इथे. कोणी मागितलेलं नसताना भाव उतरवला की समोरचा एवढंच समजतो, की पहिल्या आकड्यात हवा भरलेली होती.

डोंबिवलीतली एखादी बत्तीस फ्लॅटची सोसायटी डोळ्यांपुढे आणू. गच्ची चार हजार चौरस फूट, जुना कोबा फोडून नवा ब्रिकबॅट कोबा करायचा. फेब्रुवारीत तीन कोटेशनं मागवली जातात आणि मग शांतता पसरते. ही शांतता बहुतेक वेळा नकाराची नसतेच. सेक्रेटरी मानद असतो. त्याची स्वतःची नोकरी मुंबईत. कमिटी महिन्यातून एकदा बसते. शिवाय दुरुस्तीवर कमिटीने आपल्या अधिकारात किती खर्च करायचा याला उपविधींमध्ये मर्यादा आहे, आणि गच्चीचं काम ती सहज ओलांडतं. म्हणजे विषय सर्वसाधारण सभेपुढे जाणार. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, ती पावसाळ्याआधीच्या कामाला उपयोगाची नाही. विशेष सभा बोलवावी लागते, तिला पूर्ण पाच दिवसांची नोटीस. एवढं सगळं होईपर्यंत सेक्रेटरीने ‘अपडेट’ म्हणून काय कळवावं?

म्हणून जाणता कंत्राटदार कोटेशन हातात देतानाच विचारून ठेवतो: कमिटी कधी बसते, आणि हे जनरल बॉडीत न्यावं लागेल का? एकदा तारीख कळली की मधल्या दिवसांत गप्प बसता येतं. पहिला मेसेज मीटिंगच्या तीन-चार दिवस आधी, आणि शक्यतो लिहूनच. संध्याकाळी सातच्या लोकलमध्ये लटकलेल्या माणसाला फोन करून भावाची चर्चा होत नाही.

त्या मेसेजमध्ये सेक्रेटरीच्या कामाचं काहीतरी हवं. त्याच्या मानेवर तीन कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता असतो आणि तिन्ही कागद वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेले असतात. समजा, आपला दर 140 रुपये आहे: चार हजार फुटांचे 5,60,000, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 6,60,800. दुसऱ्याचा दर 128, जीएसटी धरून 6,04,160. तक्त्यात दुसरा छप्पन्न हजारांनी स्वस्त दिसतो. पण फोडलेल्या कोब्याचा राडारोडा खाली उतरवून नेण्याचे 60,000 त्याने तळटीपेत वेगळे लावलेले असतील, तर जीएसटीसह 70,800 वाढतात आणि तो 6,74,960 वर जातो.

प्रतिस्पर्ध्याचा कागद आपण पाहिलेला नसतो, त्यामुळे त्याच्यावर बोट ठेवायचं नाही. मेसेज असा जातो: ‘नमस्कार साहेब, रविवारी कमिटीत गच्चीचा विषय आहे म्हणाला होतात. आमच्या दरात राडारोडा उचलणं, पाणी कोंडून तपासणी आणि जीएसटी धरून एकूण 6,60,800 होतात. तिन्ही कोटेशनं याच बाबींवर ताडून पाहिलीत तर सोपं जाईल. कोणाला काही विचारायचं असेल तर मी मीटिंगला येऊ शकतो.’ यात उत्तराची भीक नाही. सेक्रेटरी तो मेसेज जसाच्या तसा कमिटीच्या ग्रुपवर टाकू शकतो, आणि बऱ्याचदा टाकतोही.

मीटिंग होऊनही काही कळलं नाही, तर दोन दिवसांनी एकच प्रश्न: ‘विषय झाला का, की पुढच्या मीटिंगला गेला?’ याला एका शब्दात उत्तर देता येतं आणि नकार देण्याचा अवघडलेपणाही राहत नाही. दर पसंत पडला का, हे मात्र विचारू नये. ते विचारलं की माणूस पुन्हा गप्प होतो.

घाईचं कारण द्यायचं तर ते खरं असावं. कोबा फोडणं, नवा घालणं, त्याला पाणी मारणं, मग गच्चीत पाणी कोंडून गळती तपासणं यात चार-पाच आठवडे सहज जातात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाचं सावट असतं. तेव्हा ‘एप्रिलअखेर काम सुरू झालं नाही तर यंदा कोबा करणं मला जमणार नाही’ असं कळवणं ही धमकी नव्हे, वेळापत्रक आहे. ‘ऑफर आजच संपते’ हे मात्र सोसायट्यांना पाठ झालेलं असतं.

ही तारीखही उलटली तर शेवटचा मेसेज: कोटेशनची मुदत संपली, यापुढे सिमेंट आणि केमिकलचे भाव पाहून नवा दर द्यावा लागेल. त्यानंतर पाठपुरावा बंद. जुलैत वरच्या मजल्यावर बादल्या लागल्या की त्याच सेक्रेटरीचा फोन येऊ शकतो, ‘त्याच रेटमध्ये उद्या माणसं पाठवाल का?’ तेव्हा भर पावसात कोबा होत नाही, तात्पुरतं डांबरी ताडपत्रीचं आच्छादन होईल, त्याचे पैसे वेगळे, आणि कोब्याचं कोटेशन ऑक्टोबरसाठी नव्याने, हे सरळ सांगायचं असतं.